पुण्यातले ८० लाखांचे घर: विकत घ्यावे, की भाड्याने राहून ती रक्कम फंडात गुंतवावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर नेमकी कशाची तुलना केली आहे?

पुण्यात कोथरूड, वारजे, कर्वेनगर या पट्ट्यात दोन बेडरूमचा, वापरात असलेला, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला एक फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवला आहे. त्याची किंमत ८० लाख रुपये धरली असून तोच फ्लॅट भाड्याने घेतल्यास देखभाल शुल्कासह महिना २४,००० रुपये पडतात, असे मानले आहे. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या भागातले आकडे वेगळे असतील तर उत्तरही वेगळे येईल, आणि ते कोणत्या दिशेने सरकेल हे पुढे सांगितले आहे. 'तोच फ्लॅट' हे शब्द मात्र महत्त्वाचे आहेत. अनेक जण विकत घ्यायच्या नव्या, ऐसपैस घराची तुलना सध्या राहत असलेल्या जुन्या, छोट्या भाड्याच्या घराशी करतात. असा हिशेब सुरुवातीपासूनच चुकलेला असतो, कारण त्यात घर विकत घेण्याचा खर्च आणि राहणीमान उंचावण्याचा खर्च एकमेकांत मिसळलेले असतात.

घर घेताना पहिल्या दिवशी खिशातून किती रक्कम जाते? 'वीस टक्के भरले की झाले' हे खरे आहे का?

खरे नाही, आणि बहुतेकांचा पहिला धक्का इथेच बसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जासाठी बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क या किमतीत धरले जात नाहीत, त्यामुळे ते पूर्णपणे स्वतःच भरावे लागतात. आपल्या उदाहरणात कर्ज ६० लाखांचे आणि स्वतःचा हिस्सा २० लाखांचा धरला आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्थेचा अधिभार आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार रुपये होतात. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास यात एक टक्क्याची सवलत मिळते. करारातील किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर हे शुल्क लागते, म्हणून कागदोपत्री किंमत कमी दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तरी त्याने फारसे काही साधत नाही. नोंदणी शुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आहे. एजंटची दलाली एक टक्का धरल्यास ८०,००० रुपये होतात. रंगकाम, स्वयंपाकघरातील ट्रॉल्या, कपाटे आणि विजेची किरकोळ कामे यांसाठी ३ लाख ३० हजार धरले आहेत आणि ज्यांनी हे काम अलीकडे करून घेतले आहे त्यांना ही रक्कम कमीच वाटेल.

एकूण बेरीज ३० लाख रुपये होते. यांपैकी २० लाख घराच्या किमतीत जमा होतात. उरलेले १० लाख मात्र घर उद्याच विकले तरी परत मिळत नाहीत.

भाडेकरूने याच ३० लाखांतून १ लाख रुपये अनामत रक्कम म्हणून घरमालकाकडे ठेवले आणि २९ लाख फंडात गुंतवले, असे पुढे धरले आहे.

दरमहा दोघांचा खर्च किती होतो?

६० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली तर मासिक हप्ता ५२,०७० रुपये येतो. त्याशिवाय सोसायटीचे देखभाल शुल्क ३,५०० रुपये, मिळकतकराचा महिन्याचा वाटा १,००० रुपये आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे १,५०० रुपये असे आणखी ६,००० रुपये लागतात. मालक स्वतः राहत असल्यास पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, आणि वरचा १,००० रुपयांचा आकडा ती सवलत गृहीत धरूनच घेतला आहे. म्हणजे मालकाच्या खिशातून महिन्याला ५८,०७० रुपये जातात, तर भाडेकरूच्या खिशातून २४,००० रुपये. दोघांतला फरक ३४,०७० रुपयांचा आहे.

दुरुस्तीचा खर्च अनेक जण शून्य धरतात. पहिली सात-आठ वर्षे तो बहुधा जाणवतही नाही. त्यानंतर गच्चीचे वॉटरप्रूफिंग, बाहेरचे रंगकाम, लिफ्ट बदलणे अशी कामे निघतात आणि सोसायटी एकरकमी वर्गणी मागते. भाडेकरूला या वर्गणीची झळ थेट बसत नाही.

हा ३४,०७० रुपयांचा फरक कायम राहत नाही. भाडे दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढते असे धरल्यास दहाव्या वर्षी ते सुमारे ४०,५०० रुपये होते. मालकाचा हप्ता तेवढाच राहतो, फक्त बाकीचे ६,००० रुपये त्याच दराने वाढत जातात. त्यामुळे दहाव्या वर्षी फरक सुमारे २१,७०० रुपयांवर येतो आणि विसाव्या वर्षी भाडेकरूचा खर्च मालकापेक्षा थोडा अधिक होतो. हप्ता तेवढाच राहतो आणि भाडे चढत जाते, ही घर घेण्याच्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट आहे. मात्र तिचा परिणाम लोक समजतात त्यापेक्षा बराच उशिरा दिसतो.

भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, आणि हप्ता म्हणजे आपल्याच घरात साठणारा पैसा, हे बरोबर नाही का?

अर्धेच बरोबर आहे. पहिल्या वर्षात मालक हप्त्यांपोटी सुमारे ६ लाख २५ हजार रुपये भरतो. त्यांपैकी मुद्दल फक्त १ लाख १९ हजार रुपयांनी कमी होते आणि ५ लाख ५ हजारांहून अधिक रक्कम व्याजात जाते. हे व्याज म्हणजे बँकेच्या पैशाचे भाडेच आहे. देखभाल, कर आणि दुरुस्तीचे ७२,००० रुपये मिळवले तर परत न येणारा खर्च वर्षाला ५ लाख ७७ हजारांवर जातो. भाडेकरूचा परत न येणारा खर्च २ लाख ८८ हजार आहे. म्हणजे पहिल्या वर्षी 'पाण्यात' जाणारा पैसा मालकाचाच दुप्पट असतो. शिवाय त्याचे ३० लाख घरात अडकलेले असल्यामुळे त्यांवर मिळू शकणारे उत्पन्नही बुडते.

या सगळ्याच्या बदल्यात मालकाला एकच मोठी गोष्ट मिळते. घराची किंमत वाढली तर ती पूर्ण ८० लाखांवर वाढते, स्वतः घातलेल्या २० लाखांवर नव्हे. किमतीत ५ टक्के वाढ झाली तर एका वर्षात ४ लाखांची भर पडते. घर घेण्याच्या सौद्यातला खरा नफा यातूनच येतो, आणि किंमत थबकली तर नेमका तोच नाहीसा होतो.

दहा वर्षांनी दोघांच्या हातात काय उरते?

आधी मालकाचे पाहू. घराची किंमत दरवर्षी सरासरी ५ टक्क्यांनी वाढली, तर दहा वर्षांनी ती १ कोटी ३० लाख रुपये होईल. या काळात त्याने साडेबासष्ट लाखांचे हप्ते भरलेले असतील, तरी ४२ लाखांचे कर्ज बाकीच असेल, कारण पहिल्या दहा वर्षांत मुद्दल केवळ १८ लाखांनी कमी होते. घर विकताना एक टक्का दलाली गेली, तर हातात सुमारे ८७ लाख रुपये राहतात. विक्रीतून आलेला नफा नियमांनुसार दुसऱ्या घरात गुंतवला जाईल आणि त्यावर कर लागणार नाही, असे मालकाच्या बाजूने धरले आहे. तसे न केल्यास सुमारे साडेपाच लाख रुपये करात जातील.

आता भाडेकरूचे पाहू. त्याने २९ लाख रुपये एखाद्या समभाग इंडेक्स फंडात घातले आणि दर महिन्याचा फरकही, म्हणजे पहिल्या वर्षी ३४,०७० आणि पुढे कमी होत जाणारी रक्कम, न चुकता एसआयपीने तिथेच घातला, असे समजू. फंडाचा खर्च वजा जाता वार्षिक १० टक्के परतावा मिळाला तर २९ लाखांचे सुमारे ७५ लाख होतात. दहा वर्षांत एसआयपीतून भरलेल्या ३४ लाखांचे जवळपास ५९ लाख होतात. अनामत परत धरून एकूण रक्कम १ कोटी ३५ लाख भरते.

यातून कर वजा करायला हवा. समभाग फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर आहे आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे. उपकर धरून सुमारे ९ लाख रुपये करात जातात. सगळे युनिट एकाच वर्षी विकले तर उत्पन्न ५० लाखांच्या वर जाऊन अधिभारही लागेल, म्हणून विक्री दोन-तीन वर्षांत विभागलेली धरली आहे. दहा वर्षांत तीनदा घर बदलावे लागले तर दलाली, टेम्पो, हमाली आणि त्या पैशांवर बुडालेला परतावा मिळून आणखी ३ लाख वजा करावे लागतील. हे सगळे जाऊन भाडेकरूकडे सुमारे १ कोटी २३ लाख रुपये राहतात. म्हणजे या गृहीतकांवर तो मालकापेक्षा ३६ लाखांनी पुढे आहे.

पण दहा टक्के परतावा मिळेलच कशावरून?

मिळेलच असे कोणीही म्हणू शकत नाही. २००८ मध्ये निफ्टी ५० हा निर्देशांक शिखरापासून निम्म्याहून अधिक घसरला होता, आणि २०२० च्या सुरुवातीला तो दोनच महिन्यांत सुमारे ३८ टक्क्यांनी खाली आला होता. म्हणून हाच हिशेब कमी परताव्यावर करून पाहणे आवश्यक आहे. वार्षिक ७ टक्के धरल्यास, कर आणि घर बदलण्याचा खर्च वजा जाऊन, भाडेकरूकडे सुमारे ९९ लाख राहतात. बँकेतील मुदत ठेवीप्रमाणे करोत्तर केवळ ५ टक्के मिळाले तर सुमारे ९० लाख राहतात. मालकाकडे ८७ लाख आहेत. मुदत ठेवीच्या दरानेही दोघे जवळजवळ बरोबरीत येतात याचे कारण सरळ आहे. मालक साडेआठ टक्क्यांनी पैसे उधार घेऊन वर्षाला ५ टक्के वाढणारी वस्तू सांभाळत असतो. राहण्याची सोय म्हणजे वाचलेले भाडे त्यातली तूट भरून काढते, पण पूर्णपणे नाही.

भाडेकरूने महिन्याचा फरक गुंतवलाच नाही तर?

मग सगळा निकाल उलटतो, आणि या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा आकडा आमच्या मते हाच आहे. भाडेकरूने सुरुवातीचे २९ लाख फंडात ठेवले, १० टक्के परतावाही मिळाला, पण महिन्याचे ३४,००० रुपये गाडी, प्रवास, मुलांचे क्लास आणि हॉटेल यांत विरून गेले, तर दहा वर्षांनी त्याच्याकडे सुमारे ६७ लाख राहतात. मालक ८७ लाखांवर असतो. म्हणजे त्याच भाड्यात, त्याच परताव्यात, केवळ एसआयपी न केल्यामुळे भाडेकरू ३६ लाखांनी पुढे असण्याऐवजी २० लाखांनी मागे पडतो.

किती टक्के फरक गुंतवला तर निदान बरोबरी होईल, हेही काढता येते. परतावा १० टक्के असेल तर फरकाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडी जास्त रक्कम नियमित गुंतवली तरी पुरते. परतावा ७ टक्केच असेल तर मात्र जवळपास पाऊण भाग गुंतवावा लागतो. बाजाराकडून अपेक्षा कमी असेल, तर शिस्त तितकी अधिक हवी.

गृहकर्जाचा हप्ता ही सक्तीची बचत आहे, असे वडीलधारी मंडळी म्हणतात त्यात तथ्य आहे. हप्ता चुकला तर बँकेचा फोन येतो, पतमानांकन घसरते आणि घर जाण्याची भीती असते. एसआयपी चुकली तर फार तर एक मेसेज येतो. बाजार ३८ टक्के खाली असताना २९ लाखांचे १८ लाख झालेले ॲपवर दिसतात आणि त्या रात्री युनिट विकण्याचा मोह होतो. घराची किंमत रोज कोणी मोबाइलवर दाखवत नाही, त्यामुळे तीही घसरली असली तरी झोप उडत नाही. म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न असा आहे की गेल्या तीन वर्षांत आपण दरमहा खरोखर किती रक्कम गुंतवली. बँकेचे पासबुक त्याचे उत्तर देते. त्यात २०-२५ हजारांची नियमित गुंतवणूक दिसत नसेल, तर 'भाड्याने राहून फरक गुंतवीन' हा बेत या हिशेबात धरू नये.

घराची किंमत किती वाढली तर विकत घेणे फायद्याचे ठरेल?

फंडाचा परतावा १० टक्के आणि फरक पूर्णपणे गुंतवलेला असेल, तर बरोबरीसाठी घराची किंमत दहा वर्षे सतत साडेसात टक्क्यांच्या आसपास वाढायला हवी. म्हणजे ८० लाखांचे घर १ कोटी ६७ लाखांना विकले जायला हवे. हे अशक्य नाही. मेट्रोचे स्थानक जवळ आले, पूल झाला किंवा जुन्या इमारतीचा पुनर्विकास झाला तर असे घडते. परंतु २०१४ ते २०२० या काळात पुणे आणि मुंबई परिसरातील अनेक भागांत किमती जवळजवळ थबकल्या होत्या, हेही ज्यांनी त्या काळात घर विकायचा प्रयत्न केला त्यांना चांगले आठवत असेल.

वाढीचा दर काढताना एक चूक नेहमी होते. 'बाबांनी १९९५ मध्ये ६ लाखांना घेतलेल्या घराचे आज ९० लाख झाले' हे ऐकायला १५ पट वाटते, पण तीस वर्षांत पसरल्यावर ती वार्षिक साडेनऊ टक्क्यांच्या आसपासची वाढ असते. त्यातून मुद्रांक शुल्क, दुरुस्ती आणि कर वजा केल्यावर दर आणखी खाली येतो. शिवाय त्या वाढीचा मोठा भाग इमारतीचा नसून तिच्याखालच्या जमिनीचा असतो. इमारत जुनी होत जाते. म्हणून जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे अभिहस्तांतरण झाले आहे का, हे पुनर्विक्रीचे घर घेताना अवश्य पाहावे.

एवढी आकडेमोड न करता प्राथमिक अंदाज कसा घ्यावा?

घराच्या किमतीला त्याच घराच्या वर्षाच्या भाड्याने भागावे. आपल्या उदाहरणात ८० लाख भागिले २ लाख ८८ हजार, म्हणजे सुमारे २८ पट. वरची सगळी गृहीतके तशीच ठेवून फक्त भाडे वाढवत नेले, तर फंडाच्या १० टक्के परताव्यावर बरोबरीचा बिंदू १७ पटीच्या जवळ येतो, म्हणजे भाडे सुमारे ३९,००० रुपये असायला हवे. ७ टक्के परताव्यावर तो २२ पटीच्या जवळ येतो. घर १७ पटीपेक्षा स्वस्त मिळत असेल तर फार विचार न करता विकत घेण्याकडे झुकावे. २२ पटीच्या वर असेल तर घेण्यासाठी पैशापलीकडचे कारण असावे, आणि अशी कारणे अनेकांकडे असतातही. अधल्यामधल्या आकड्यांवर निकाल शिस्तीवर आणि किती वर्षे राहणार यावर ठरतो.

करसवलतीमुळे घर घेणे परवडते, असे सांगितले जाते. ते खरे आहे का?

जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीचे त्यातून वर्षाला सुमारे ६२,००० रुपये वाचतात. पण आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षीचे व्याज ५ लाखांच्या वर आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त व्याजावर काहीच सवलत नाही. दुसरीकडे जुन्या प्रणालीत भाडेकरूलाही घरभाडे भत्त्याची सवलत मिळते. नव्या करप्रणालीत, जी आता आपोआप लागू होते, स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावटही नाही आणि घरभाडे भत्त्याची सवलतही नाही. म्हणून वरच्या हिशेबात दोन्ही बाजूंना करसवलत शून्य धरली आहे.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर हिशेब कसा बदलतो?

बहुधा बिघडतो. पूर्णत्वाचा दाखला न मिळालेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असल्यास १ टक्का), म्हणजे ८० लाखांवर ४ लाख आणखी. तयार घरावर तो लागत नाही. शिवाय ताबा मिळेपर्यंत कर्जाचे व्याज आणि सध्याच्या घराचे भाडे दोन्ही एकाच वेळी भरावे लागते. ३० लाख रुपये कर्ज उचललेले असेल तर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला सुमारे २१,००० रुपये नुसते व्याज जाते आणि त्यातून मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही. ताबा एक वर्ष लांबला तर अडीच लाख गेले. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदवलेली पूर्णत्वाची तारीख आणि तिला किती वेळा मुदतवाढ घेतली आहे हे दिसते. माहितीपत्रकावरील तारखेऐवजी तीच हिशेबात धरावी.

व्याजदर वाढले तर काय होते?

बदलत्या दराची बहुतेक बँक कर्जे रेपो दराशी जोडलेली असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेक कर्जदारांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र काही वर्षांनी लांबली. हप्ता न बदलल्यामुळे हा बदल पुष्कळांच्या लक्षातच आला नाही. वर्षातून एकदा बँकेकडून कर्जाचे विवरण मागवून उरलेले हप्ते मोजणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

वीस वर्षांनी, किंवा निवृत्तीनंतर, भाडे कोण भरणार?

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर तितकेसे एकतर्फी नाही. वीस वर्षांनी मालकाचे कर्ज संपते आणि ५ टक्के वाढीने घर २ कोटी १२ लाखांचे होते. फरक नियमित गुंतवणाऱ्या भाडेकरूकडे १० टक्के परताव्यावर, कर वजा जाता, सुमारे ३ कोटी २० लाख जमतात, पण ७ टक्के परताव्यावर फक्त २ कोटींच्या आसपास. त्या वेळी त्याच घराचे भाडे महिना ७३,००० रुपयांवर पोहोचलेले असेल. २ कोटींचा साठा असलेल्याला हे भाडे भरत राहणे जड जाईल, कारण ती रक्कम साठ्याच्या वर्षाला चार टक्क्यांहून जास्त होते आणि दरवर्षी वाढत राहते. ३ कोटी २० लाख असलेला मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दलालीसह तेच घर रोखीने विकत घेऊ शकतो आणि तरीही त्याच्याकडे ९० लाखांच्या आसपास उरतात.

म्हणून तिशीतल्या भाडेकरूने 'कधीच घर घेणार नाही' असे ठरवण्याची गरज नाही. पन्नाशीच्या आसपास, मुलांची शाळा संपल्यावर, कमी कर्ज काढून किंवा कर्ज न काढता लहान घर घेणे हाही एक मार्ग आहे. त्यासाठी लागणारी रक्कम आधीची दोन-तीन वर्षे हळूहळू समभाग फंडातून काढून सुरक्षित ठिकाणी हलवावी, नाहीतर नेमक्या घर घेण्याच्या वर्षी बाजार पडलेला असायचा.

घरमालक केव्हाही घर सोडायला सांगतो, त्याचे मोल कसे धरायचे?

पैशात पूर्णपणे धरता येत नाही. वरच्या हिशेबात तीन स्थलांतरांचा खर्च धरला आहे, पण मुलाची शाळा दूर जाणे किंवा वृद्ध आई-वडिलांना नव्या परिसरात रुळायला लागणारा वेळ त्यात नाही. एक गोष्ट मात्र करता येते. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचाच करार करावा असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे मुदत कितीही असली तरी बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तीन किंवा पाच वर्षांचा करार करून त्यात वार्षिक भाडेवाढीचा दर आणि घरमालकावर बंधनकारक असलेला किमान कालावधी लिहून घेता येतो. तसे स्पष्ट लिहिले नाही तर करार तीन वर्षांचा असूनही एका महिन्याच्या सूचनेवर घर सोडावे लागू शकते. नेमके हेच कलम लोक न वाचता सही करतात.

स्वतःचे आकडे घालून हा हिशेब कसा करावा?

कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये खालील दोन सूत्रे पुरतात. पहिले मासिक हप्ता देते आणि दुसरे दहा वर्षांनंतर उरलेले कर्ज.

```
=PMT(8.5%/12, 240, -6000000)
=FV(8.5%/12, 120, 52069, -6000000)
```

त्याखाली प्रत्येक वर्षाची एक ओळ करावी: मालकाचा वर्षाचा खर्च, भाडेकरूचा वर्षाचा खर्च, दोघांतला फरक आणि त्या फरकावर उरलेल्या वर्षांचा परतावा. मग शेजारी आणखी एक रकाना करून त्यात फरकाऐवजी आपण प्रत्यक्षात जेवढे गुंतवू शकतो ती रक्कम लिहावी. दोन्ही रकान्यांच्या बेरजांत मोठी तफावत आली, तर निर्णयासाठी दुसऱ्या रकान्याची बेरीज वापरावी.

घर घ्यायचेच ठरले असेल, तर फंडातले सगळे पैसे काढून कर्ज कमी करावे का?

सगळे काढू नयेत. किमान सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च, म्हणजे या उदाहरणात साडेपाच ते सहा लाख रुपये, चटकन मिळतील असे ठेवावेत, कारण घराची एक खोली विकून हप्ता भरता येत नाही. त्यापलीकडच्या रकमेसाठी कसोटी सोपी आहे. कर्ज फेडल्यास साडेआठ टक्के व्याज खात्रीने वाचते आणि वाचलेल्या व्याजावर कर लागत नाही. मुदत ठेवीत किंवा रोखे फंडात पैसे ठेवून साडेआठ टक्क्यांचे कर्ज चालू ठेवणे हा निव्वळ तोटा आहे, त्यामुळे ते पैसे कर्जात भरावेत. समभाग फंडातील पैशाचा प्रश्न वेगळा आहे. तिथे खात्रीच्या साडेआठ टक्क्यांसमोर अनिश्चित दहा-अकरा टक्के उभे असतात, आणि दीड-दोन टक्क्यांच्या आशेवर किती चढउतार सोसायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी बँकेला दंड आकारता येत नाही, त्यामुळे हा निर्णय पहिल्याच दिवशी घेण्याची गरज नाही. आधीची वर्षे मात्र महत्त्वाची असतात. पहिल्या वर्षाच्या अखेरीस एकदाच ३ लाख रुपये मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज जवळपास दोन वर्षे आधी संपते. तेच ३ लाख पंधराव्या वर्षी भरले, तर जेमतेम आठ-नऊ महिनेच वाचतात.